चिलटं, भुसा आणि मोदक: चाळीस ट्रान्सक्रिप्टमधून एका व्हिडिओचं वर्णन

कोथरूडला आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या काकू गच्चीवर बाग करतात आणि त्याबद्दल मराठीतून व्हिडिओ करतात. मी हे काम हातात घेतलं तेव्हा त्यांचे चाळीस व्हिडिओ झाले होते. बोलतात छान. हातात खुरपं असतं, मागे कुंड्यांची रांग, आणि पंधरा-वीस मिनिटं अडखळल्याशिवाय माहिती चालू. पण चाळीसही व्हिडिओंखाली वर्णन एकच होतं:

"नमस्कार मंडळी! आजच्या व्हिडिओमध्ये आपण खूप महत्त्वाची माहिती बघणार आहोत. व्हिडिओ शेवटपर्यंत नक्की बघा. आवडला तर लाईक करा, शेअर करा."

यात टोमॅटोही नाही, खतही नाही. शोधणाऱ्याला सोडा, यूट्यूबवरच्या यंत्रणेलाही यातून काही कळत नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, बोलून झाल्यावर मला आठवतच नाही मी नक्की काय काय सांगितलं. शीर्षक लिहिते आणि खाली तेच चिकटवते."

मला ही अडचण खरी वाटली. अठरा मिनिटं बोललेल्या माणसाला विषय आठवतो, पण आपण कशावर रेंगाळलो ते आठवत नाही. ते ट्रान्सक्रिप्टमध्ये असतं. म्हणून ठरवलं की चाळीस व्हिडिओंचे ट्रान्सक्रिप्ट घ्यायचे, शब्दांना वजन द्यायचं आणि प्रत्येक व्हिडिओचे स्वतःचे शब्द वर काढायचे. एकच व्हिडिओ नमुन्याला घेतला. गणपतीनंतर केलेला, ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये होणाऱ्या अळ्यांबद्दलचा, अठरा मिनिटांचा. पुढे सगळं त्याच व्हिडिओबद्दल आहे.

वजन म्हणजे काय

एखादा शब्द व्हिडिओत किती वेळा आला हे मोजणं सोपं आहे. पण नुसत्या मोजणीत पहिला नंबर "आपण"चा येतो, दुसरा "आहे"चा. उपाय जुना आहे. कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ बाईंनी 1972 मध्ये मांडलं की शब्द किती कागदपत्रांमध्ये सापडतो यावर त्याचं महत्त्व ठरवावं. जो शब्द सगळीकडे आहे तो एका कागदाला दुसऱ्यापासून वेगळं करू शकत नाही, त्याचं वजन कमी. जो मोजक्याच ठिकाणी आहे, त्याचं जास्त. एका व्हिडिओतली वारंवारता गुणिले हा विरळपणा, म्हणजेच टीएफ-आयडीएफ.

आमच्या बाबतीत "कागद" म्हणजे एका व्हिडिओचं अख्खं ट्रान्सक्रिप्ट, आणि ढीग म्हणजे काकूंचे चाळीस व्हिडिओ. हे वाक्य साधं दिसतं, पण पुढची निम्मी गुंतागुंत त्यातूनच आली. विरळपणा मोजला जातो तो या चाळिसांच्या ढिगात, मराठी भाषेत नाही. बाहेरच्या जगात "शेणखत" हा बऱ्यापैकी विरळ शब्द आहे. काकूंच्या ढिगात तो "आहे"च्या पंगतीला बसतो.

पहिली यादी, आणि तुटलेली अक्षरं

`.srt` फायलींमधून ओळींचे क्रमांक, वेळा आणि कंसातलं "संगीत" काढून टाकलं आणि पायथनमधल्या सायकिट-लर्न या लायब्ररीचं `TfidfVectorizer` आहे तसं, काही न बदलता चालवलं. अळ्यांच्या व्हिडिओसाठी वरच्या शब्दांमध्ये हे निघालं: रम, लट, अळ, कचर, खत, आपण, मग.

काकूंनी चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, "मी रम कधी म्हणाले?"

त्या "ड्रम" म्हणाल्या होत्या. दोष त्या साधनाच्या मूळ सेटिंगमध्ये आहे. शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवायला ते `\w` हे चिन्ह वापरतं, आणि पायथनच्या नेहमीच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेखा. देवनागरीतली काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हं युनिकोडमध्ये स्वतंत्र "अक्षरं" धरलेली नाहीत, ती अक्षराला जोडणारी चिन्हं आहेत. त्यामुळे प्रत्येक मात्रेशी शब्द तुटतो. त्यात मूळ सेटिंग एका अक्षराचे तुकडे फेकून देतं. म्हणून "ड्रम"मधला "ड" गेला आणि "रम" राहिला. "चिलटं"मधून "लट" राहिलं, "अळ्या"मधून "अळ". "भुसा", "वास", "माती", "गांडूळ" हे तर पूर्ण नाहीसे झाले, कारण त्यांच्यात दोन अक्षरं सलग मात्रेविना येतच नाहीत. "खत", "मग", "आपण" टिकले ते केवळ त्यांना मात्रा नाहीत म्हणून.

हे मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण प्रोग्रॅम चालताना कुठलीही चूक दाखवत नाही. यादी येते, आकडे येतात, आणि "कचर", "अळ" हे मूळ धातूसारखे काहीतरी असावेत असं वाटून माणूस पुढे जातो. तपासायचा सोपा मार्ग असा: निघालेल्या शब्दांमध्ये काना-मात्रा असलेला एक तरी शब्द आहे का ते बघायचं. नसेल तर तुकडे पडले आहेत.

दुरुस्ती म्हणजे शब्द तोडायचं काम आपण हातात घ्यायचं:

```python
import re

def tokens(text):
    text = text.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    text = text.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
    words = re.findall(r"[\u0900-\u0963\u0971-\u097F]+", text)
    return [FOLD.get(w, w) for w in words]
```

कंसातली पट्टी म्हणजे देवनागरीचा भाग, त्यातून दंड आणि अंक वगळलेले. पहिली `replace` ओळ खास मराठीसाठी आहे. "कचऱ्यात" या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो: एकदा ऱ आणि हलन्त असा, आणि एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. काकूंच्या काही ट्रान्सक्रिप्टची दुरुस्ती त्यांच्या सुनेने फोनवर केली होती आणि काहींची मी लॅपटॉपवर. "कचऱ्यात" हा शब्द त्यामुळे दोन ठिकाणी मोजला जात होता. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हे दोन एकत्र करत नाही, ते हातानेच करावं लागतं.

एका शब्दाची अनेक रूपं

आता शब्द पूर्ण आले, पण विखुरलेले. कचरा, कचऱ्यात, कचऱ्याला, कचऱ्याचं, कचऱ्यावर, कचऱ्यामुळे. इंग्रजीत शब्दाच्या आधी वेगळा शब्द येतो, आपल्याकडे सामान्यरूप होऊन प्रत्यय चिकटतो, आणि प्रत्येक चिकटलेलं रूप मोजणीत वेगळा शब्द होतं. याचा दुहेरी तोटा होतो. शब्दाची वारंवारता वाटली जाते, आणि "कचऱ्यामुळे" असं रूप एखाद्याच व्हिडिओत आलं असेल तर त्याला खोटाच विरळपणा मिळून ते वर येतं. आमच्या दुसऱ्या यादीत वरच्या दहात तीन रूपं एकाच शब्दाची होती.

आधी मी सोपी वाट धरली. शेवटचे "ला", "त", "चा", "ची", "चं", "ने" कापून टाकायचे. एका रात्रीत कळलं की बागेच्या भाषेत हे चालणार नाही. "त" कापला की "खत"चा "ख" होतो. "ला" कापला की "ओला"चा "ओ" आणि "पाला"चा "पा". ज्या शब्दांसाठी खटाटोप चालला होता, तेच आधी कापले गेले.

मग यंत्राचा नाद सोडून हाताने केलं. चाळीस ट्रान्सक्रिप्टमधले तीनदा किंवा जास्त आलेले सगळे शब्द काढले, अकारविल्हे लावले आणि छापले. मराठीत प्रत्यय शेवटी येत असल्यामुळे एकाच शब्दाची रूपं यादीत बहुतेक शेजारी-शेजारीच बसतात. काकूंनी पेन्सिलने कंस घातले आणि मी टाईप केलं. चारेकशे रूपं, एक संध्याकाळ आणि दोनदा चहा. वरच्या कोडमधलं `FOLD` म्हणजे तोच तक्ता: डावीकडे आलेलं रूप, उजवीकडे मूळ शब्द. "अळी", "अळ्या", "अळ्यांना" हे सगळे "अळ्या"कडे पाठवले, कारण लोक बोलताना आणि शोधताना अनेकवचनच वापरतात.

एका माणसाच्या, एका विषयाच्या चॅनेलसाठी हाताचा तक्ता कुठल्याही सर्वसाधारण साधनापेक्षा बरा पडतो असं माझं मत झालं आहे. बोलणाऱ्याचा शब्दसंग्रह आटोपशीर असतो आणि पुढच्या प्रत्येक व्हिडिओला जेमतेम दहा-पंधरा नवी रूपं लागतात. शिवाय पेन्सिल काकूंच्या हातात असल्यामुळे "वाफ्यात" आणि "वाफेवर" या जवळजवळ बसलेल्या रूपांपैकी पहिलं वाफ्याचं आणि दुसरं उकडीच्या वाफेचं, हे न सांगता वेगळं झालं.

तोच व्हिडिओ, आकड्यांत

तक्ता लावल्यावर अळ्यांच्या व्हिडिओतले पाच शब्द बघू. शब्दापुढच्या पहिल्या स्तंभात व्हिडिओत किती वेळा आला, दुसऱ्यात चाळिसांपैकी किती व्हिडिओंत आला. साधं वजन म्हणजे वारंवारता गुणिले विरळपणा, मवाळ वजनाचं पुढे सांगते.

| शब्द | या व्हिडिओत | किती व्हिडिओंत | साधं वजन | मवाळ वजन |
|---|---|---|---|---|
| अळ्या | 14 | 4 | 43.5 | 11.30 |
| खत | 38 | 40 | 38.0 | 4.64 |
| भुसा | 11 | 3 | 36.6 | 11.31 |
| चिलटं | 9 | 2 | 32.5 | 11.56 |
| मोदक | 6 | 1 | 24.1 | 11.22 |

सायकिट-लर्न विरळपणा काढतं तो असा:

```
idf = ln((1 + n) / (1 + df)) + 1
```

`n` म्हणजे एकूण व्हिडिओ, `df` म्हणजे शब्द असलेले व्हिडिओ. "चिलटं"साठी 41 भागिले 3, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम 2.615, अधिक 1, म्हणजे 3.615. गुणिले 9, झाले 32.5. "खत" चाळीसही व्हिडिओंत आहे, त्यामुळे लॉगरिदम शून्य. पण शेवटचा अधिक 1 बघा. पुस्तकातल्या मूळ सूत्रात हा नसतो, तिथे सगळीकडे असलेला शब्द शून्यावर येऊन गळून पडतो. इथे तो मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे असा शब्द पूर्ण पुसला जाऊ नये. परिणाम असा की 38 वेळा आलेलं "खत" चिलटांच्या वरती बसतं, आणि "आपण" तर 61 घेऊन सगळ्यांच्या वर. (ते वरच्या पाचांत घेतलं नाही.) विरळपणाने वगळण्याचं काम आपोआप होईल या भरवशावर मी होते, ते या एका अधिक चिन्हामुळे अर्धवटच झालं.

म्हणून `sublinear_tf=True` लावलं. यात वारंवारता जशीच्या तशी न घेता 1 अधिक तिचा लॉगरिदम घेतात, मवाळ वजन ते हेच. अडतीसदा बोललेला शब्द एकदा बोललेल्याच्या अडतीसपट महत्त्वाचा नसतो, ही त्यामागची समज. बोलण्यातल्या मजकुराला हे विशेष लागू पडतं, कारण लिहिताना माणूस पुनरुक्ती टाळतो, बोलताना टाळत नाही.

```python
vec = TfidfVectorizer(tokenizer=tokens, token_pattern=None,
                      lowercase=False, sublinear_tf=True, norm=None)
X = vec.fit_transform(docs)
```

`norm=None` एवढ्यासाठी, की निघालेला आकडा कागदावर स्वतः ताडून बघता यावा. क्रमावर त्याचा परिणाम होत नाही, कारण एका व्हिडिओतल्या सगळ्या वजनांना एकाच संख्येने भागलं जातं.

आता शेवटचा स्तंभ पुन्हा बघा. "खत" खाली गेलं, "चिलटं" वर आली, हे हवं होतं. पण "मोदक" अळ्यांच्या अगदी बरोबरीला येऊन बसले. वारंवारता मवाळ केली की विरळपणा जोर धरतो, आणि एखाद्याच व्हिडिओत आलेला कुठलाही शब्द फुगतो. एका बाजूने गळती बुजवली की दुसरीकडून पाणी आलं. दोन्ही टाळणारं एकच सेटिंग मला सापडलं नाही, आणि असेल असंही वाटत नाही. आकड्याला आणखी एका गोष्टीची जोड हवी होती.

मोदकाचं काय करायचं

ट्रान्सक्रिप्ट उघडून बघितलं. सातव्या मिनिटाला काकूंनी गोष्ट सांगितली आहे. विसर्जनानंतर उरलेले उकडीचे मोदक नातवाने निर्माल्याबरोबर ड्रममध्ये टाकले, आणि तीन दिवसांत ड्रमला असा वास सुटला की खालच्या मजल्यावरून फोन आला. सहाही "मोदक" याच गोष्टीत, दीड मिनिटाच्या आत.

आणि "अळ्या"? त्या दुसऱ्या मिनिटापासून सतराव्यापर्यंत पसरलेल्या.

फरक हाच होता, आणि तो मोजता येतो, कारण `.srt` फाईलमध्ये प्रत्येक ओळीला वेळ असते. व्हिडिओचे लांबीने दहा सारखे भाग पाडले आणि शब्द किती भागांत आला ते मोजलं. अळ्या सात भागांत, भुसा पाच, चिलटं चार, मोदक एक. वजनात चौघेही बरोबरीचे, पसाऱ्यात मात्र मोदक एकटे पडले. तेव्हापासून नियम ठेवला: वजनाने वरच्या वीस शब्दांत आणि किमान तीन भागांत असेल, तरच तो शब्द वर्णनाच्या पहिल्या ओळींसाठी उमेदवार.

यात आणखी एक मोह टाळावा लागला. एकाच व्हिडिओत आलेले शब्द गाळायचं `min_df=2` हे तयार सेटिंग असतं आणि बरेचजण ते सवयीने लावतात, कारण ट्रान्सक्रिप्टमधले चुकीचे ऐकलेले शब्द त्याने जातात. पण काकूंनी उद्या ड्रॅगन फ्रूटवर पहिलाच व्हिडिओ केला, तर त्या व्हिडिओचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द नेमका एकाच व्हिडिओत असणार. चुकीचे शब्द बहुतेक एकदा-दोनदाच येतात, म्हणून त्याच व्हिडिओत तीनदा तरी आलेला शब्द धरायचा, ही चाळणी जास्त न्याय्य.

तिच्यातूनही एक चूक सुटली. दुसऱ्या एका व्हिडिओच्या यादीत "बोली" हा शब्द अव्वल होता, पसाराही चांगला. काकू भाषेच्या बोलींबद्दल काही बोलल्या नव्हत्या. त्या "निंबोळी" म्हणत होत्या आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये ते प्रत्येक वेळी "निम बोली" असं उतरलं होतं. एकसारखी होणारी चूक ही आकड्यांना चूक वाटतच नाही, उलट फार महत्त्वाचा शब्द वाटतो. यावर उपाय कानाचा. यादीतल्या वरच्या प्रत्येक शब्दाची पहिली वेळ काढायची आणि तिथे जाऊन पाच सेकंद ऐकायचं. एका व्हिडिओला दहा मिनिटं लागतात. ही पायरी मी कधीच वगळत नाही.

यादीतून वर्णन

अंतिम यादी निघाली तेव्हा काकूंना आश्चर्य वाटलं ते भुशाचं. "मी भुशावर एवढं बोलले?" बोलल्या होत्या. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर कोरडा थर हवा, नाहीतर उघड्या फळांच्या सालींवर चिलटं जमतात. ड्रमला भोकं हवीत, हवा खेळली नाही की कुजका वास येतो. लाकडाचा भुसा चालेल, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. राखाडी-तपकिरी, चपट्या मोठ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात आणि कचराच खातात. हे सगळं व्हिडिओत होतं. शीर्षक होतं "ओल्या कचऱ्याचं खत". त्यात अळ्याही नव्हत्या आणि भुसाही नव्हता.

शब्द हाती आल्यावर ते वर्णनाखाली स्वल्पविराम देऊन ओतायचे, ही पद्धत मी घेतली नाही. वर्णनात टॅगांचा असा ढीग घालणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही त्यातून काही समजत नाही. वर्णनाला 5000 अक्षरांची मर्यादा आहे, पण "आणखी" वर टिचकी मारण्याआधी दिसतात त्या पहिल्या दोन-तीन ओळीच. म्हणून वरचे शब्द वाक्यांत आणि सुरुवातीलाच:

"ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये अळ्या आणि चिलटं का होतात? प्रत्येक थरावर लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा कसा घालायचा, कुठला भुसा टाळायचा, आणि कुठल्या अळ्या खतासाठी चांगल्या असतात, ते या व्हिडिओत गच्चीवरच्या ड्रममध्येच दाखवलं आहे."

यात "खत" आहे, "ओला कचरा" आहे. दोन्ही यादीत खाली होते. ते मी हाताने परत आणले आणि माझ्या मते या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. हे वजन सांगतं की हा व्हिडिओ काकूंच्या बाकीच्या एकोणचाळीस व्हिडिओंपेक्षा कशात वेगळा आहे. पण शोधणारा माणूस ते एकोणचाळीस बघून आलेला नसतो. त्याला आधी हे कळायला हवं की विषय खताचा आहे. म्हणून प्रत्येक वर्णनाच्या पहिल्या वाक्यात चॅनेलचा एक सामायिक शब्द आणि व्हिडिओचे दोन-तीन स्वतःचे शब्द, असं ठरवलं. सामायिक शब्द कुठला ते ठरवायला वजन लागत नाही, काकू पुरेशा आहेत.

मोदकही वाया गेले नाहीत. एका भागात एकवटलेला शब्द पहिल्या ओळीसाठी निरुपयोगी असला, तरी तिथे काहीतरी वेगळं घडतंय एवढं तो नक्की सांगतो. काकूंची ती गोष्ट मुळात शिजवलेलं अन्न ड्रममध्ये टाकावं का, या प्रश्नाची होती. ते शब्द त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. मग वर्णनात विभाग टाकले:

```
0:00 ड्रममध्ये अळ्या कशा होतात
3:40 चिलटं आणि वास: कारणं
7:05 शिजवलेलं अन्न टाकावं का
9:20 भुसा कुठला, किती, कधी
14:30 चांगल्या अळ्या कशा ओळखायच्या
```

यूट्यूबला विभाग ओळखता यावेत म्हणून पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन विभाग हवेत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा हवा. सीमा कुठे ठेवायच्या ते पसारा मोजताना आपोआप दिसतं: एक शब्द थांबतो आणि दुसरा दाट होतो, तिथे.

न बोललेला शब्द

दोन महिन्यांनी यूट्यूब स्टुडिओत गेलो. शोधातून आलेल्या लोकांनी काय टाईप केलं होतं त्याची यादी तिथे मिळते. त्यात "ओला कचरा अळ्या" होतं, हे बघून काकू खूश झाल्या. पण त्याच यादीत "kachryat kide" आणि "olya kachryache khat" अशी रोमन लिपीतली मराठीही होती. "किडे" हा शब्द काकूंनी अठरा मिनिटांत एकदाही उच्चारलेला नाही. त्यांच्यासाठी चिलटं ही चिलटं आणि अळ्या त्या अळ्या, पण ज्याने काल पहिल्यांदा ड्रम आणला त्याच्यासाठी ते सगळे किडेच.

ट्रान्सक्रिप्टमधून कितीही नीट वजन काढलं तरी न बोललेला शब्द त्यात सापडणार नाही. जाणकार माणूस नेमका शब्द वापरतो आणि नवखा ढोबळ, आणि ट्रान्सक्रिप्ट नेहमी जाणकाराचं असतं. म्हणून आता वर्णन लिहिताना दोन कागद समोर असतात. एक वजनांची यादी, दुसरी स्टुडिओतली शोधांची. दुसरीतला शब्द पहिलीतल्या शब्दाशी जोडता आला तरच घ्यायचा. "किडे" घेतला, "ड्रममधले किडे म्हणजे बहुतेक वेळा चिलटं किंवा अळ्या" अशा वाक्यात. त्याच यादीत "गांडूळ खत विक्री" असाही शोध होता. तो घेतला नाही, काकू काही विकत नाहीत.

शोधातून येणारे लोक वाढले का? वाढले. पण ते वर्णनामुळे, असं मी म्हणणार नाही. आम्ही वर्णन बदललं ते मे महिन्यात, आणि जूनमध्ये पुण्यात पाऊस सुरू झाला की ओल्या कचऱ्यात घरोघरी चिलटं होतातच. तेव्हा हा विषय लोक एरवीपेक्षा जास्त शोधणार हे उघड आहे. नुसत्या वाढीपेक्षा मला जास्त विश्वास वाटतो तो शोधांच्या यादीत बदललेल्या शब्दांवर. आधी तिथे बहुतांश चॅनेलचं नावच दिसायचं. म्हणजे काकूंना ओळखणारेच येत होते.

सध्या एक वेगळी अडचण आली आहे. अळ्यांचा व्हिडिओ चालला म्हणून काकूंनी ड्रमवर आणखी पाच व्हिडिओ केले. ढीग पंचेचाळिसाचा झाला आणि "अळ्या" चारऐवजी नऊ व्हिडिओंत आल्या, त्यामुळे त्यांचा विरळपणा 3.10 वरून 2.53 वर उतरला. याच जुन्या व्हिडिओच्या यादीत आता अळ्या मोदकांच्याही खाली आहेत, व्हिडिओतला एक शब्दही बदललेला नसताना. जुनं वर्णन मी तसंच ठेवलं आहे. नव्या पाचांसाठी मात्र काकूंनी परवा बसून पुन्हा पेन्सिल काढली. पाचही व्हिडिओ एकाच ड्रमबद्दल असल्यामुळे त्यांना वेगळं करणारे शब्द आता "झाकण", "भोकं", "चाळणी" असे बारीक आहेत, आणि त्यांची रूपं तक्त्यात अजून आलेली नाहीत.